आधी विचारा, कलम कोणतं?

"मॅडम, एवढंच लिहिलंय. एवढ्यावरून केस होते का?"

असं म्हणत लोक फोन माझ्यापुढे धरतात. गेल्या पावसाळ्यात आलेले गृहस्थ टायरच्या दुकानाचे मालक होते. गावाबाहेरच्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे पडले होते. त्यांनी फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, "दोन वर्षांत तिसऱ्यांदा डांबर. खड्डे भरतात की कुणाचे खिसे?" झालं! कुणीतरी पोलीस ठाण्यात अर्ज दिला की या पोस्टमुळे आमच्या नेत्याच्या कार्यकर्त्यांच्या भावना दुखावल्या. ठाण्यातून फोन आला, "येऊन जा जरा." गृहस्थांना रात्रभर झोप नाही. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी पोस्ट काढून टाकली होती आणि शिवाय एक माफीनामाही लिहून आणला होता.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. कलम कोणतं सांगितलं? त्यांनी विचारलंच नव्हतं. पोस्टवरून झालेला जवळजवळ प्रत्येक वाद याच प्रश्नापाशी येऊन थांबतो, म्हणून तोच जरा नीट समजून घेऊ.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. हा हक्क फक्त नागरिकाला आहे. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आणि ओसीआय कार्डावर पुण्यात येऊन राहणाऱ्या आपल्या भाच्यालाही तो नाही, हे जाता जाता लक्षात ठेवावं. त्याच अनुच्छेदाचा खंड (२) सांगतो की सरकार या हक्कावर कायद्याने वाजवी निर्बंध घालू शकतं, पण ठरावीक कारणांसाठीच. ती कारणं आठ आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. ही यादी इथेच संपते. तिच्याबाहेरचं नववं कारण काढून या हक्कावर बंधन घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

यादी परत एकदा वाचा. "भावना दुखावल्या" त्यात कुठे आहे? "नेत्याचा अपमान" कुठे आहे? "सरकारवर टीका" कुठे आहे? नाही. धार्मिक भावनांबद्दल कायद्यात कलम आहे, पण त्यालाही एक जाड कुंपण आहे; त्याकडे पुढे येते. नुसतं कुणालातरी वाईट वाटलं, राग आला, एवढ्याने गुन्हा होत नाही.

ही गोष्ट देशाला नीट कळली ती आपल्याच पालघरमुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद झाली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर नाराजी लिहिली आणि दुसरीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. या कलमाखाली ऑनलाइन मजकुराने कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, तो फार आक्षेपार्ह वाटला, तरी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत असे. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पूर्ण रद्द केलं. कारण सरळ होतं. "त्रास" आणि "गैरसोय" हे शब्द त्या आठ कारणांपैकी कशातच बसत नव्हते. गंमत म्हणजे रद्द झाल्यावरही कित्येक ठाण्यांत हे कलम लागत राहिलं. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. आजही कुणी ६६अ म्हटलं, तर हा निकाल दाखवावा.

२०१५ च्या त्या निकालात न्यायालयाने एक विभागणी करून दिली आहे आणि मला ती फार उपयोगाची वाटते. बोलण्याच्या तीन पायऱ्या: चर्चा, समर्थन आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस कितीही कडवट बोलला, तरी तो अनुच्छेद १९ च्या छपराखाली आहे. तिसऱ्या पायरीवर निर्बंध सुरू होतात. हे पोस्टमध्ये कसं दिसतं? "ही आरक्षणाची पद्धत चुकीची आहे" ही चर्चा. "ही पद्धत बदललीच पाहिजे, सगळ्यांनी मोर्चाला या" हे समर्थन. "उद्या सकाळी दहा वाजता त्यांच्या वस्तीवर जाऊ, येताना रिकाम्या हाताने येऊ नका" ही चिथावणी. तिसऱ्या पोस्टमध्ये एकही शिवी नाही, तरी गुन्हा तिथेच आहे. उलट पहिल्या दोन पोस्टमध्ये चार शिव्या घातल्या, तर पोस्ट घाणेरडी होईल आणि शिवी कुणाला, कशी दिली यावरून वेगळं कलमही लागू शकेल. पण तिला चिथावणी म्हणता येणार नाही. बोलणं आणि दंगल यांचं नातं ठिणगी आणि दारूच्या कोठारासारखं जवळचं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या वादात सांगितलं. "यातून कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी भडकेल" एवढ्या लांबच्या शक्यतेवर माणसाला गप्प करता येत नाही.

आता एक खरं प्रकरण जरा जवळून पाहू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मूळचे काश्मीरचे एक प्राध्यापक नोकरीला होते. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, त्यांनी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. त्यात ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं म्हटलं होतं, ३७० कलम रद्द झाल्याबद्दल नाराजी होती आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. ते पालक आणि शिक्षकांच्या एका ग्रुपमध्येही होते. हातकणंगले पोलीस ठाण्यात त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. कलम होतं भारतीय दंड संहितेचं १५३अ, म्हणजे धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा आधारांवर दोन गटांत वैर वाढवणं. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत १९६ या क्रमांकाने आहे. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

प्राध्यापक मुंबई उच्च न्यायालयात गेले. पाकिस्तानला दिलेल्या शुभेच्छा या कलमात बसत नाहीत, हे उच्च न्यायालयाला पटलं. पण "काळा दिवस" हे शब्द त्याला खटकले आणि एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार मिळाला. पुढे ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

न्यायालयाने हिशेब कसा मांडला ते पाहण्यासारखं आहे. १५३अ ला दोन गट लागतात, आणि त्यांच्यात वैर पेरण्याचा हेतू लागतो. इथे दुसरा गट कोणता? स्टेटसमध्ये कुठल्याही धर्माचं, जातीचं नाव नव्हतं. सरकारच्या एका निर्णयावरचा राग होता, आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. "काळा दिवस" हा निषेधाचा शब्द आहे. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यातही काही चुकीचं नाही, आणि लिहिणारा अमुक धर्माचा आहे म्हणून त्याला वाईट हेतू चिकटवता येणार नाही. मग पोस्टचा परिणाम मोजायचा कुणाच्या नजरेने? त्यासाठी न्यायालयाने जुन्या नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची कसोटी वापरली. ती १९४७ पासून निवाड्यांच्या पुस्तकांत आहे. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर, धीट माणसावर काय होईल ते पाहायचं. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या माणसाच्या नजरेने ते मोजायचं नाही. शेवटी पोलिसांनाच अभिव्यक्ती स्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, असंही न्यायालय म्हणालं.

यातून तुमच्या-माझ्यासाठी निघतं ते असं. पोस्ट टाकण्याआधी पाहा की तुमचा बाण निर्णयावर, धोरणावर, पदावरच्या माणसाच्या कामावर आहे, की एखाद्या समाजावर. "या कायद्याने शेतकऱ्याचं वाटोळं झालं" आणि "या समाजाच्या लोकांनी शेतकऱ्याचं वाटोळं केलं" यांत मोजके शब्द बदलले, पण पहिलं वाक्य १९६ पासून कोसभर लांब आहे आणि दुसरं त्याच्या उंबरठ्यावर. लोक शिव्या गाळतात आणि समाजाचं नाव तसंच ठेवतात. खरं तर उलट करायला हवं.

मघाशी म्हटलं ते धार्मिक भावनांचं कलम म्हणजे जुनं २९५अ, आताचं २९९. त्याचं कुंपण असं की अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे. अनवधानाने, अज्ञानाने, इतिहासाच्या चर्चेत काही निघालं तर ते त्यात येत नाही. मात्र हेतू तुमच्या मनात काय होतं यावरून ठरत नाही, मांडणीवरून ठरतो. देवस्थानाच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट आणि देवाच्या चित्रावर काहीबाही चिकटवून नेमकी जत्रेच्या दिवशी गावाच्या ग्रुपवर टाकलेली पोस्ट, या दोन्हींचा हेतू तारीख, जागा आणि चित्र हेच सांगून टाकतात. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तर एका वाक्यात: निकालाची चिरफाड खुशाल करा, न्यायाधीशाने पैसे घेतले असं लिहू नका.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक देश, धर्म, दंगल असल्या मोठ्या विषयांत अडकलेले नसतातच. ते अडकतात अब्रुनुकसानीत, आणि बहुधा सोसायटीच्या नाहीतर गावकीच्या ग्रुपवर. समजा, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली आणि खर्च दाखवला ४ लाख ८० हजार. तुम्हाला संशय आहे. ग्रुपवर तीन प्रकारे लिहिता येतं. "टाकीच्या कामाला ४ लाख ८० हजार लागले असं अहवालात आहे. कोटेशनं किती मागवली होती? बिलं सभासदांना पाहायला मिळावीत." दुसरा प्रकार: "मला हा खर्च फार जास्त वाटतो. शेजारच्या इमारतीचं एवढंच काम निम्म्यात झालं, त्यांचं बिल सोबत जोडलंय." तिसरा: "सेक्रेटरीने टाकीत दोन लाख खाल्ले."

पहिला प्रश्न आहे. दुसरं मत आहे आणि आधाराची वस्तुस्थिती सोबत आहे. तिसरं मात्र वस्तुस्थिती म्हणून केलेलं विधान आहे, आणि उद्या न्यायालयात ते सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येईल. अब्रुनुकसानीचं कलम आता ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. फौजदारी अब्रुनुकसानी घटनेत बसते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच ठरवून टाकलं आहे. त्यामुळे "मला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे" हे उत्तर इथे चालत नाही. चालतात ते कलमातले अपवाद. विधान खरं असणं आणि ते सार्वजनिक हितासाठी केलेलं असणं या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. सेक्रेटरीचा घटस्फोट खरा असेल, पण तो ग्रुपवर टाकण्यात कुठलं सार्वजनिक हित? दुसरा कामाचा अपवाद म्हणजे ज्याला कारवाईचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार. तेच दोन लाखांचं विधान, कागद जोडून, उपनिबंधकांकडच्या अर्जात लिहिलं तर तुम्हाला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. ग्रुपवर लिहिलं तर ते मिळवणं अवघड. लोक मात्र आधी ग्रुपवर लिहितात आणि उपनिबंधकांचं कार्यालय कुठे आहे ते मला विचारतात.

"मी लिहिलंच नाही, फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव फार लोकप्रिय आहे आणि फार कच्चा आहे. तमिळनाडूतले अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलचा एक अश्लाघ्य मजकूर फेसबुकवर पुढे ढकलला. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तो नीट वाचता आला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी नंतर पोस्ट काढली, माफीही मागितली. तरी मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द केला नाही. फॉरवर्ड केलेला निरोप सुटलेल्या बाणासारखा असतो, असं म्हटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही.

ॲडमिनचं मात्र वेगळं आहे आणि इथे घाबरण्याचं कारण कमी आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्येबद्दल अर्वाच्य लिहिलं. ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. ॲडमिन माणसं घेऊ किंवा काढू शकतो, पण कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. त्याचा आणि लिहिणाऱ्याचा सामाईक इरादा दिसला, तरच तो अडकतो. म्हणून ॲडमिनने त्या घाणेरड्या पोस्टवर अंगठा दाखवू नये, एवढं पथ्य पाळलं तरी बरंचसं भागतं.

आता ठाण्यातून फोन आला तर काय करायचं? शांतपणे विचारायचं: अर्ज आहे की गुन्हा दाखल झालाय? गुन्हा असेल तर क्रमांक आणि कलम कोणतं? या दोन प्रश्नांनीच निम्मं धुकं जातं. अब्रुनुकसानीचं प्रकरण असेल तर तो अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात त्याची एनसी होते. ज्याची अब्रू गेली त्यालाच दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करावी लागते, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्यादीची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यामुळे "बदनामीची केस आहे, आत टाकतो" हे कुणी म्हटलं तर ते ऐकून घ्यावं आणि लिहून ठेवावं.

प्रकरण १९६ किंवा २९९ चं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ची आठवण द्यावी. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस, उपअधीक्षकांच्या परवानगीने, आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर कवितेच्या एका व्हिडिओवरून जामनगरला गुन्हा दाखल झाला होता. २८ मार्च २०२५ रोजी तो रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत ही चौकशी करून घेणंच योग्य. तुम्हाला याचा उपयोग असा की त्या १४ दिवसांत पोस्टचा संपूर्ण संदर्भ लेखी देता येतो.

गुन्हा दाखल झालाच, तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही; आधी कलम ३५(३) ची नोटीस येते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. नोटीस मिळाली की दिलेल्या तारखेला हजर राहा. नोटीस चुकवलीत, तर अटकेला तुम्हीच कारण दिलंत. आणि घाबरून फोन रीसेट करू नका. मजकूर खरंच चुकला असेल तर तो काढा, पण त्याआधी वरच्या-खालच्या प्रतिक्रियांसकट, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. फिर्यादी बहुतेक वेळा तुमच्या चार वाक्यांतलं एकच वाक्य कापून आणतो. बाकीची तीन तुमच्याकडे असली पाहिजेत. गुन्हा दाखल झाल्यावर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय काहीच पुसू नका, पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप चिकटतो.

शेवटचा दरवाजा उच्च न्यायालयाचा: कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. हातकणंगल्याच्या त्या प्राध्यापकांना त्यासाठी मुंबई आणि मग दिल्ली गाठावी लागली, आणि स्टेटसपासून निकालापर्यंत एकोणीस महिने गेले. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसतं, त्यामुळे निदान त्या भागातल्या लोकांचा मुंबईचा हेलपाटा वाचेल.

टायरवाल्या गृहस्थांचं पुढे काय झालं? आम्ही ठाण्यात लेखी विचारलं की अर्जावरून कोणत्या कलमाखाली चौकशी आहे. सोबत रस्त्याचा फोटो आणि त्यांनी फोनमध्ये नशिबाने ठेवलेला पोस्टचा स्क्रीनशॉट जोडला. आठवड्याभरात अर्ज निकाली निघाला. "खड्डे भरतात की कुणाचे खिसे" यात कुणाचं नाव नव्हतं आणि शेवटी प्रश्नचिन्ह होतं, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी पोस्ट पुन्हा टाकली. माफीनाम्याचा कागद माझ्याच टेबलावर राहिला, पाठकोरा होता म्हणून वापरला.